झाड एकच, गट किती? – वृक्षालेख आडवा छेदताना

सील हा प्राणी समुद्रात राहतो, पण तो मासा नाही, सस्तन आहे. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे समुद्रसिंह. दोघांचेही पाय वल्ह्यांसारखे झालेले आहेत. मात्र समुद्रसिंहाला बाहेरून दिसणारे छोटे कान असतात आणि तो मागचे पाय पोटाखाली वळवून जमिनीवर चालू शकतो. सीलला तसे कान नसतात आणि जमिनीवर तो पोटावर सरपटतो. या फरकांवर बोट ठेवून विसाव्या शतकात पुष्कळ प्राणिशास्त्रज्ञ असे म्हणत, की हे दोघे खरे भाऊबंद नाहीतच. समुद्रसिंह हा अस्वलासारख्या पूर्वजापासून आला आणि सील हा वीझल किंवा पाणमांजरासारख्या पूर्वजापासून आला. समुद्रात राहायला लागल्यावर दोघांचे अवयव एकसारखे झाले, एवढेच.

हा वाद सोडवायचा तर ‘सील आणि समुद्रसिंह एका गटात की वेगळ्या?’ या प्रश्नाचे उत्तर हवे. परंतु ‘एका गटात’ म्हणजे काय? कुत्रा आणि मांजर हेही एका अर्थाने एकाच गटात आहेत, कारण दोघेही मांसाहारी गणातले आहेत. दुसऱ्या अर्थाने ते निरनिराळ्या कुळांत आहेत. म्हणजे गट किती बारकाईने पाडायचे हे ठरल्याखेरीज प्रश्नालाच अर्थ येत नाही. नेमकी हीच बाब डोळ्यांना दाखवून देणारी एक आकृती आहे. तिला डेन्ड्रोग्राम म्हणतात. ग्रीक भाषेत ‘डेन्ड्रॉन’ म्हणजे झाड. आपण तिला ‘वृक्षालेख’ म्हणू. या लेखात एक खरा तक्ता घेऊन वृक्षालेख कसा तयार होतो, तो वेगवेगळ्या उंचीवर छेदला की गटांची संख्या आणि आकार कसे बदलतात, आणि त्यातल्या कोणत्या गटांवर किती विश्वास ठेवायचा हे पाहू. सोबत आलेख कागद, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसलात तर उत्तम.

तक्ता कुठून आला?

अमेरिकेतील बर्कले येथे काम करणारे विन्सेंट सॅरिच यांनी १९६९ मध्ये काही मांसाहारी प्राण्यांच्या रक्तातील प्रथिनांची तुलना प्रसिद्ध केली. पद्धत अशी. एका प्राण्याचे प्रथिन सशाला टोचले, की सशाच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. समजा, कुत्र्याचे प्रथिन टोचले. मग सशाच्या रक्तातला तो द्राव कुत्र्याच्या प्रथिनाशी जोरदार प्रक्रिया करतो, अस्वलाच्या प्रथिनाशी थोडी कमी आणि माकडाच्या प्रथिनाशी खूपच कमी. तितकीच प्रक्रिया घडवून आणायला द्राव किती पट तीव्र घ्यावा लागतो, यावरून दोन प्राण्यांमधील ‘अंतर’ ठरते. अंतर १०० म्हणजे दहापट तीव्र द्राव, आणि अंतर ३२ म्हणजे सुमारे दुप्पट. अंतर जितके मोठे, तितकी दोघांची प्रथिने वेगळी.

आठ प्राण्यांमधील अंतरे पुढील तक्त्यात आहेत. यातला रॅकून हा उत्तर अमेरिकेतील, डोळ्यांभोवती काळा पट्टा असणारा प्राणी. वीझल हा लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी असून आपल्याकडील पाणमांजर त्याच्याच कुळातले आहे.

| | अस्वल | रॅकून | वीझल | सील | समुद्रसिंह | मांजर | माकड |
|---|---|---|---|---|---|---|---|
| कुत्रा | ३२ | ४८ | ५१ | ५० | ४८ | ९८ | १४८ |
| अस्वल | | २६ | ३४ | २९ | ३३ | ८४ | १३६ |
| रॅकून | | | ४२ | ४४ | ४४ | ९२ | १५२ |
| वीझल | | | | ४४ | ३८ | ८६ | १४२ |
| सील | | | | | २४ | ८९ | १४२ |
| समुद्रसिंह | | | | | | ९० | १४२ |
| मांजर | | | | | | | १४८ |

आठ प्राणी म्हणजे २८ जोड्या, म्हणून २८ आकडे. माकड मांसाहारी गणातले नाही. ते बाहेरचा साक्षीदार म्हणून घेतलेले आहे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

झाड बांधताना

आता या आकड्यांचे झाड करू. सुरुवातीला प्रत्येक प्राणी हा एकट्याचा गट आहे, म्हणजे गट आठ. दर खेपेला जे दोन गट एकमेकांना सर्वांत जवळ असतील ते जोडायचे. सगळे एका गटात येईपर्यंत हे चालू ठेवायचे. लहान गटांपासून मोठ्या गटांकडे पायरीपायरीने जाणाऱ्या या रीतीला श्रेणीबद्ध गटबांधणी म्हणतात.

एक अडचण लगेच येते. दोन प्राण्यांमधले अंतर तक्त्यात आहे. पण दोन गटांमधले अंतर कसे मोजायचे? यासाठी एक नियम आधी ठरवावा लागतो. आपण सरासरीचा नियम घेऊ: एका गटातला एक आणि दुसऱ्या गटातला एक अशा सगळ्या जोड्या पाडायच्या आणि त्यांच्या अंतरांची सरासरी काढायची. हा नियम सोकाल आणि मिशेनर यांनी १९५८ मध्ये मांडला.

तक्त्यातला सर्वांत लहान आकडा २४ आहे: सील आणि समुद्रसिंह. ते पहिले जोडले जातात. आलेख कागदावर खाली एका ओळीत आठ नावे लिहा. उभ्या अक्षावर ० ते १५० अंतर घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे १० असे प्रमाण चालेल. सील आणि समुद्रसिंह यांच्यापासून उभ्या रेघा वर न्या आणि २४ या उंचीवर त्या आडव्या रेघेने जोडा. या आडव्या रेघेला आपण ‘सांधा’ म्हणू. सांध्याच्या मध्यातून पुन्हा एकच उभी रेघ वर निघते. ती आता त्या दोघांच्या गटाची रेघ झाली.

पुढचा लहान आकडा २६: अस्वल आणि रॅकून. त्यांचा सांधा २६ वर.

तिसऱ्या पायरीला सरासरी लागते. ‘अस्वल-रॅकून’ आणि ‘सील-समुद्रसिंह’ या दोन गटांत चार जोड्या होतात: २९, ३३, ४४ आणि ४४. त्यांची सरासरी ३७.५. वीझल आणि ‘अस्वल-रॅकून’ यांची सरासरी ३४ व ४२ यांवरून ३८ येते. कुत्रा आणि ‘अस्वल-रॅकून’ यांची ४० आणि वीझल आणि ‘सील-समुद्रसिंह’ यांची ४१. सर्वांत लहान ३७.५, म्हणून दोन्ही जोड्या ३७.५ वर एकत्र येतात. येथे ३७.५ आणि ३८ यांत फक्त अर्ध्याचा फरक होता, हे लक्षात ठेवा.

आता या चौघांपासून वीझलचे अंतर ३९.५ आणि कुत्र्याचे ४४.५. म्हणून वीझल ३९.५ वर येऊन मिळतो. मग या पाच जणांपासून कुत्र्याचे सरासरी अंतर ४५.८ येते, तो तेथे मिळतो. त्यानंतर मात्र मोठी उडी आहे. मांजराचे या सहा जणांपासूनचे सरासरी अंतर सुमारे ८९.८ आहे. आणि शेवटी माकड, सुमारे १४४.३ वर. आठ प्राणी, सात सांधे, आणि झाड पूर्ण.

पट्टी आडवी ठेवा

झाड तयार झाले, पण गट कुठे आहेत? झाडात गट लिहिलेले नसतात. ते मिळवण्यासाठी एखाद्या उंचीवर पट्टी आडवी ठेवायची आणि तेथे झाड कापले अशी कल्पना करायची. पट्टी जितक्या उभ्या रेघांना छेदते तितके गट. प्रत्येक छेदाच्या खाली जितकी नावे लोंबतात, तितका त्या गटाचा आकार. नियम इतका सोपा आहे, की सहावी-सातवीतील मुलेही तो पट्कन आत्मसात करतील.

पट्टी १०० वर ठेवा. ती दोन रेघा छेदते. एका बाजूला माकड एकटे आणि दुसऱ्या बाजूला सात मांसाहारी प्राणी. आता पट्टी ६० वर आणा. तीन गट झाले: माकड, मांजर आणि उरलेले सहा. ४२ वर आणा: माकड, मांजर, कुत्रा आणि उरलेले पाच, असे चार गट. अशी पट्टी खाली सरकवत जाऊ आणि जे दिसते ते मांडून ठेवू.

| पट्टी कोणत्या उंचीदरम्यान | गटांची संख्या | गटांचे आकार |
|---|---|---|
| ८९.८ ते १४४.३ | २ | ७, १ |
| ४५.८ ते ८९.८ | ३ | ६, १, १ |
| ३९.५ ते ४५.८ | ४ | ५, १, १, १ |
| ३७.५ ते ३९.५ | ५ | ४, १, १, १, १ |
| २६ ते ३७.५ | ६ | २, २, १, १, १, १ |
| २४ ते २६ | ७ | २ आणि सहा एकटे |
| २४ च्या खाली | ८ | आठही एकटे |

या तक्त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की पट्टी हळूहळू सरकवली तरी गट हळूहळू बदलत नाहीत. दोन सांध्यांच्या मध्ये पट्टी कुठेही ठेवा, उत्तर तेच. सांधा ओलांडला, की एक गट फुटून दोन होतात. म्हणून ‘६० वर छेदले’ यापेक्षा ‘४५.८ ते ८९.८ मध्ये कुठेही छेदले’ हे सांगणे जास्त खरे आहे.

दुसरी गोष्ट आकारांची. मुलांना ‘चार गट करा’ म्हटले, की ती समसमान गट करतात. वर्गात खेळासाठी आपण तसेच करतो. झाडाचा छेद तसे करत नाही. येथे चार गट केल्यावर एकात पाच प्राणी आणि तीन गटांत एकेकच प्राणी येतो. पाच गट केल्यावर तर एकच गट खऱ्या अर्थाने गट उरतो, बाकी चार एकटे. म्हणून केवळ ‘पाच गट मिळाले’ असे वाक्य कुठे वाचले, तर लगेच आकार विचारावेत.

एकटा पडलेला प्राणी पाहून घाईने निष्कर्षही काढू नये. ६० च्या छेदात मांजर एकटे आहे. याचा अर्थ मांजराला जवळचे कोणी नाही असा नव्हे. तक्त्यात मांजराच्या बाजूचा दुसरा प्राणी घेतलेलाच नाही, इतकेच. सॅरिच यांचा प्रश्न सीलबद्दलचा होता, म्हणून त्या बाजूचे प्राणी जास्त. तक्त्यात वाघ, तरस, मुंगूस असते तर मांजराचा गट फुगला असता. होय, तरसही! दिसायला कुत्र्यासारखा असला, तरी तरस वंशावळीने मांजराच्या बाजूचा आहे. उलट पाणमांजराच्या नावातच मांजर असले, तरी ते वीझलच्या कुळातले, म्हणजे कुत्रा-अस्वलाच्या बाजूचे. गटाचा आकार हा निसर्गाबद्दल जितके सांगतो, तितकेच आपण काय गोळा केले होते याबद्दलही सांगतो.

कोणता छेद घ्यावा?

सात ओळींपैकी बरोबर ओळ कोणती? झाड याचे उत्तर देत नाही. प्रश्न काय आहे त्यावर ते ठरते. माकडाला मांसाहारी गणापासून वेगळे काढायचे असेल, तर १०० वरचा छेद योग्य. मांसाहारी गणाचे दोन मोठे भाग, श्वानसदृश आणि मार्जारसदृश, वेगळे करायचे असतील तर ६० वरचा.

पण झाड एक गोष्ट जरूर सांगते: कोणता छेद किती टिकाऊ आहे. ४५.८ ते ८९.८ ही पोकळी ४४ एककांची आहे. या पट्ट्यात आपले मोजमाप थोडे चुकले, पट्टी थोडी वरखाली झाली, तरी तेच तीन गट मिळतात. याउलट ३७.५ ते ३९.५ हा पट्टा फक्त २ एककांचा आहे. ‘पाच गट’ हे उत्तर त्या चिंचोळ्या फटीत कसेबसे उभे आहे. लांब उभ्या रेघा जेथे दिसतात तेथे छेद घ्यावा, या सल्ल्यामागे हेच कारण आहे.

आता मघाचा अर्ध्याचा फरक आठवा. तिसऱ्या पायरीला ३७.५ ने ३८ वर मात केली होती. प्रयोगशाळेतल्या अशा मोजमापांत अर्ध्या एककाची चूक अगदी सहज होऊ शकते. शिवाय तक्त्यातले आकडे पूर्णांकात दिलेले आहेत. समजा, निकाल उलटा लागला असता. मग वीझल ३८ वर अस्वल-रॅकूनला मिळाला असता आणि सील-समुद्रसिंहाची जोडी त्या तिघांना सुमारे ३८.७ वर. झाडाचा हा भाग वेगळाच दिसला असता. पण ४२ वर पट्टी ठेवून पाहा: दोन्ही झाडांत तेच चार गट मिळतात! म्हणजे खालची डळमळ वरच्या छेदापर्यंत पोचत नाही. झाडाचा एक भाग कच्चा आणि दुसरा पक्का असू शकतो.

नियम बदलून पाहा

पक्के काय आणि कच्चे काय हे तपासायची आणखी एक रीत आहे. आपण गटांमधले अंतर सरासरीने मोजले. त्याऐवजी ‘सर्वांत जवळच्या जोडीचे अंतर’ हा नियम घेता येतो. किंवा ‘सर्वांत दूरच्या जोडीचे अंतर’ हाही. तक्ता तोच, नियम वेगळा.

जवळच्या जोडीच्या नियमाने पहिले दोन सांधे तेच, २४ आणि २६. मग अस्वल-सील हे अंतर २९ असल्यामुळे दोन्ही जोड्या २९ वर मिळतात. कुत्रा अस्वलापासून ३२ वर आहे, म्हणून तो ३२ वर येतो, आणि वीझल त्याच्याही नंतर, ३४ वर. मांजर ८४ वर, माकड १३६ वर. येथे गट साखळीसारखा वाढत जातो: कुणा एकाशी ओळख असली की प्रवेश मिळतो.

दूरच्या जोडीचा नियम कडक आहे. गटातल्या प्रत्येकाशी जवळीक असेल तरच प्रवेश. २४ आणि २६ हे सांधे पुन्हा तेच. मग वीझल ४२ वर अस्वल-रॅकूनला मिळतो. सील-समुद्रसिंह ४४ वर येतात, कुत्रा ५१ वर, मांजर ९८ वर आणि माकड १५२ वर.

म्हणजे वीझल आणि कुत्रा यांची जागा तिन्ही नियमांत तीन प्रकारची. ३० वर पट्टी ठेवली, तर सरासरीच्या आणि दूरच्या नियमाने सहा गट मिळतात. जवळच्या नियमाने मात्र पाचच, कारण तेथे दोन्ही जोड्या २९ वरच एक झालेल्या असतात. त्यामुळे एका नियमाच्या झाडावरची उंची दुसऱ्या नियमाच्या झाडावर तशीच नेऊन वापरता येत नाही. परंतु ६० वर तिन्ही झाडांत गट तेच तीन आहेत. आणि तिन्ही झाडांत सील आणि समुद्रसिंह सर्वांत आधी एकत्र येतात.

येथे सुरुवातीच्या वादाचा निकाल लागतो. समुद्रसिंह अस्वलापासून आणि सील वीझलपासून आला असता, तर समुद्रसिंह-अस्वल आणि सील-वीझल ही अंतरे लहान असायला हवी होती. ती ३३ आणि ४४ आहेत. सील-समुद्रसिंह मात्र २४. पट्टी २४ च्या वर कुठेही ठेवा, नियम कोणताही घ्या, ते दोघे वेगळे होत नाहीत. सॅरिच यांनीही हेच म्हटले होते, की या दोघांचा पूर्वज एकच. नंतरच्या डीएनएच्या अभ्यासांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

झाड कुठे फसवते?

अस्वल आणि रॅकून यांची जोडीही तिन्ही नियमांत टिकली. मग तीही पक्की का? येथे सावध राहायला हवे. डीएनएच्या अभ्यासांनुसार या आठांपैकी रॅकूनचा सर्वांत जवळचा नातलग अस्वल नसून वीझल आहे. म्हणजे झाड येथे चुकले. का चुकले?

याचा धागा तक्त्यातच सापडतो. माकड आणि मांजर यांच्याकडे पाहा. कुत्रा, अस्वल, रॅकून, वीझल, सील आणि समुद्रसिंह या सहांचे मांजराशी असलेले नाते सारखेच आहे. सर्वांचा मांजराशी सामाईक पूर्वज तोच. सगळ्यांची प्रथिने सारख्याच वेगाने बदलली असती, तर सहाही अंतरे जवळजवळ सारखी आली असती. ती ८४ ते ९८ आहेत, आणि सर्वांत लहान ८४ अस्वलाचे. माकडापासूनची अंतरे पाहा: १३६ ते १५२, आणि सर्वांत लहान पुन्हा अस्वलाचेच. म्हणजे अस्वलाचे प्रथिन इतरांपेक्षा कमी बदललेले दिसते. जो कमी बदलला तो सगळ्यांनाच जवळचा भासतो: अस्वलाची कुत्रा, रॅकून, वीझल, सील आणि समुद्रसिंह यांच्यापासूनची अंतरे ३२, २६, ३४, २९, ३३, सगळीच लहान. झाड बांधणारा नियम ‘जवळ’ म्हणजे ‘नातलग’ असे धरून चालतो. बदलाचा वेग सगळीकडे सारखा असेल तोवरच ते खरे.

हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेही पकडता येते. झाडात दोन प्राणी ज्या उंचीवर प्रथम एकत्र येतात, ती उंची आणि तक्त्यातले मूळ अंतर शेजारी-शेजारी लिहा. कुत्रा आणि अस्वल तक्त्यात ३२ वर आहेत, झाडात मात्र ४५.८ वर एकत्र येतात. सुमारे १४ एककांचा हा फरक सांगतो, की २८ आकडे सात सांध्यांत कोंबताना येथे बरेच काही चिरडले गेले. जेथे असा फरक मोठा, तेथे झाडावर विसंबू नये. मूळ तक्त्याकडे परतावे.

आणखी एक फसगत निव्वळ डोळ्यांची आहे. झाडाच्या तळाशी कोण कोणाशेजारी लिहिले आहे याला काहीच अर्थ नसतो. प्रत्येक सांधा हा टांगलेल्या झुंबरातल्या काडीसारखा असतो. त्याच्या दोन बाजू अदलाबदल केल्या तरी झाड तेच राहते. सात सांधे म्हणजे तेच झाड १२८ प्रकारे काढता येते. त्यांपैकी काहींत कुत्रा मांजराशेजारी येईल, काहींत वीझल सीलशेजारी. नाते ठरते ते सांध्याच्या उंचीवरून.

करून पाहा

मूळ तक्त्यातून अस्वलाची ओळ आणि स्तंभ खोडा आणि सरासरीच्या नियमाने सात प्राण्यांचे झाड नव्याने बांधा. मुलांच्या तीन-चार तुकड्यांना एकेक पायरी वाटून देता येईल. उत्तर पडताळण्यासाठी: सील-समुद्रसिंह २४ वर, वीझल त्यांना ४१ वर, रॅकून सुमारे ४३.३ वर, कुत्रा ४९.२५ वर, मांजर ९१ वर आणि माकड सुमारे १४५.७ वर मिळायला हवे.

आता जुने आणि नवे झाड शेजारी ठेवा आणि दोन्हींवर पट्टी ४२ वर लावा. जुन्यात चार गट होते. नव्यात पाच आहेत, कारण रॅकून वेगळा पडला. एक प्राणी काढला आणि एक गट वाढला! मग पट्टी ६० वर न्या. दोन्हींकडे तीनच गट: माकड, मांजर आणि बाकीचे. शेवटी पट्टी ३० वर आणा. सील आणि समुद्रसिंह दोन्ही झाडांत एकत्रच आहेत. मुलांना एवढेच विचारा: या तीन छेदांपैकी कोणत्या उत्तरावर तुम्ही पैज लावाल, आणि का?